यदा, ततः, तदा : गीतेतल्या एका श्लोकाचा अन्वयार्थ लावताना

गीतेच्या तेराव्या अध्यायात, अगदी शेवटाकडे, एक श्लोक आहे. शब्द सोपे आहेत, समास मोठा नाही, तरी अन्वय लावायला बसले की तिसऱ्या चरणापाशी माणूस अडतो.

यदा भूतपृथग्भावमेकस्थमनुपश्यति ।
तत एव च विस्तारं ब्रह्म सम्पद्यते तदा ॥

बहुतेक प्रतींत हा तिसावा श्लोक आहे. काही प्रतींत अध्यायाच्या आरंभी अर्जुनाच्या प्रश्नाचा एक जास्तीचा श्लोक असतो, त्यांत हाच एकतिसावा होतो.

या दोन ओळींत सर्वनामांपासून झालेली तीन अव्यये आहेत : यदा, ततः, तदा. पहिले आणि तिसरे काळ सांगणारे, मधले ‘-पासून’ सांगणारे. संस्कृत शिकताना ही अव्यये आपण कोष्टकातून पाठ करतो. यतः म्हणजे जिथून, यत्र म्हणजे जिथे, यदा म्हणजे जेव्हा. ततः म्हणजे तिथून, तत्र म्हणजे तिथे, तदा म्हणजे तेव्हा. कोष्टक चुकीचे नाही. पण श्लोकात ततः दिसले की प्रत्येक वेळी ‘तिथून’ लिहून भागत नाही. या श्लोकात ‘तिथून’ म्हणजे कुठून? म्हणून हे शब्द बनतात कसे ते आधी पाहू आणि मग श्लोकाकडे परत येऊ.

यद्, तद्, किम्, सर्व, अन्य, एक या सर्वनामांना संस्कृतात सगळ्या विभक्ती लागतात. तद् चे पंचमीचे रूप तस्मात्, सप्तमीचे तस्मिन्. ही पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी एकवचनाची रूपे. स्त्रीलिंगात तस्याः आणि तस्याम्. बहुवचनात तेभ्यः आणि तेषु, स्त्रीलिंगी असेल तर ताभ्यः आणि तासु. म्हणजे विभक्तीचे रूप एकाच वेळी तीन गोष्टी सांगते : नाते कोणते, लिंग कोणते आणि वचन कोणते.

याच पंचमीच्या आणि सप्तमीच्या जागी भाषेने आणखी एक सोय केलेली आहे. पाणिनीने ती अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात एका ओळीने मांडली. पञ्चम्यास्तसिल् (५.३.७) : पंचमी विभक्ती लागलेल्या सर्वनामाला तस् हा प्रत्यय लागतो. सप्तम्यास्त्रल् (५.३.१०) : सप्तमी लागलेल्या सर्वनामाला त्र हा प्रत्यय लागतो. सर्वैकान्यकिंयत्तदः काले दा (५.३.१५) : सप्तमीतल्याच सर्व, एक, अन्य, किम्, यद् आणि तद् या सहांना, काळ सांगायचा असेल तर, दा लागतो. तसिल् आणि त्रल् यांच्या शेवटचा ल् ही पाणिनीची खूण आहे. शब्दात आघात कुठे पडतो हे ती सांगते, उच्चारात ती येत नाही. उरतात ते तस्, त्र आणि दा. त्यांतून ततः, तत्र, तदा. यतः, यत्र, यदा. सर्वतः, सर्वत्र, सर्वदा अशी सारी कुटुंबे तयार होतात.

आता खरी मेख. तस् लागल्यावर शब्द अव्यय होतो. मग तो एका ‘त्या’ वस्तूपासून असो की अनेकांपासून, ती वस्तू पुल्लिंगी असो की स्त्रीलिंगी, रूप एकच : ततः. तस्मात्, तस्याः, तेभ्यः, ताभ्यः या चारही रूपांची जागा ततः घेऊ शकते. तत्र चेही तसेच : तस्मिन्, तस्याम्, तेषु, तासु. प्रत्ययाने नाते जपले, लिंग आणि वचन मात्र पोटात घातले. श्लोकाचा अन्वयार्थ लिहिणाऱ्याचे काम इथे सुरू होते. अव्ययाने जे पोटात घातले ते बाहेर काढून दाखवायचे : ततः समोर तस्मात् की तस्याः की तेभ्यः, आणि त्यापुढे कोणते नाम, हे संदर्भातून ठरवून लिहायचे. जुने टीकाकार हेच करतात आणि इतक्या सहजपणे करतात की वाचणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

दा ची गोष्ट मात्र वेगळी आहे. पाणिनीच्या सूत्रात ‘काले’ हा शब्द आहे, म्हणजे नाम कोणते ते प्रत्ययानेच ठरवून टाकले. यदा म्हणजे यस्मिन् काले, तदा म्हणजे तस्मिन् काले. इथे शोधाशोध नाही. म्हणूनच श्लोक उलगडताना सुरुवात नेहमी दा असलेल्या शब्दांपासून करावी, असे मी सांगेन. ते पक्के बसले की तस् आणि त्र यांना उरलेल्या जागेत बसवणे सोपे जाते.

श्लोकाकडे जाण्याआधी एका बारीक गोष्टीसाठी थोडे थांबतो, कारण ती फार सुंदर आहे आणि या शब्दांकडे पाहण्याची नजर देते. तद् ला तस् जोडल्यावर खरे तर ‘तत्तः’ व्हायला हवे होते. द् गेला कुठे? पाणिनीने या प्रत्ययांच्या प्रकरणाच्या दारातच एक सूत्र ठेवले आहे : प्राग्दिशो विभक्तिः (५.३.१). पुढच्या एका ठरावीक सूत्रापर्यंत येणाऱ्या प्रत्ययांना ‘विभक्ती’ म्हणायचे, असा त्याचा अर्थ. तस्, त्र, दा हे काही नेहमीचे विभक्तिप्रत्यय नव्हेत, तरी त्यांना तो दर्जा दिला. कारण दुसरीकडे नियम आहे, त्यदादीनामः (७.२.१०२) : विभक्ती पुढे आली की तद्, यद् अशा सर्वनामांच्या शेवटच्या वर्णाच्या जागी अ येतो. तस्मात् मध्ये द् दिसत नाही तो याच नियमाने, आणि ततः मध्येही याच नियमाने. तद् चे त झाले, त्याला तस् लागले, ततस् झाले, शेवटच्या स् चा विसर्ग झाला : ततः.

याचा पडताळा गीतेतच मिळतो. ‘मत्तः परतरं नान्यत्’ (७.७), ‘मत्तः सर्वं प्रवर्तते’ (१०.८) यांतला मत्तः म्हणजे माझ्यापासून. अस्मद् या सर्वनामाला मात्र हा ‘विभक्ती’ म्हटलेला तसिल् लागत नाही. पाणिनीने द्वि, युष्मद्, अस्मद् वगैरे थोडकी सर्वनामे त्या नियमातून वगळली आहेत. त्यांना वेगळ्या प्रकरणातला तसि नावाचा प्रत्यय लागतो. दिसायला तोही तस् च, पण त्याला विभक्ती हे नाव नाही. म्हणून तिथे शेवटचा वर्ण जात नाही : मद् आणि तस् मिळून मत्तः, त्वद् आणि तस् मिळून त्वत्तः. एका ठिकाणी एक त, दुसऱ्या ठिकाणी त्त. हा फरक उच्चाराच्या लहरीने पडलेला नाही. प्रत्ययाला दिलेल्या एका नावावर तो उभा आहे. (आणि हो, हा मत्तः म्हणजे मदाने धुंद झालेला नव्हे. मद् धातूपासूनचा मत्त वेगळा. ‘मत्तः सर्वं प्रवर्तते’ वाचताना नवख्याला क्षणभर ठेच लागते ती इथे.)

अशीच ठेच आपल्या श्लोकात आहे.

पदच्छेद करू. पहिली ओळ : यदा, भूत-पृथक्-भावम्, एक-स्थम्, अनुपश्यति. दुसरी ओळ : तत, एव, च, विस्तारम्, ब्रह्म, सम्पद्यते, तदा. छापील श्लोकात ‘तत’ असे दिसते, विसर्ग नाही. संस्कृतात ‘तत’ असा एक स्वतंत्र शब्दही आहे : तन् धातूपासून, ‘पसरलेले’ या अर्थाचा. ‘येन सर्वमिदं ततम्’, ज्याने हे सगळे व्यापले आहे, हे गीतेत एकाहून अधिक ठिकाणी येते. त्यात भर म्हणजे आपल्या श्लोकात शेजारीच ‘विस्तारम्’ बसले आहे. पसरणे आणि विस्तार. मोह पडणारच.

सोडवणूक संधीने होते. तत हा अकारान्त शब्द तसाच असता आणि पुढे एव आला असता, तर अ आणि ए मिळून ऐ झाला असता : ततैव. इथे तत आणि एव वेगवेगळे उभे आहेत, मध्ये फट आहे. संस्कृत श्लोकाच्या चरणात दोन स्वर असे एकमेकांना न भिडता उभे असतील, तर मध्ये काहीतरी होते आणि ते लोपले आहे असे समजावे. अ नंतरचा विसर्ग, पुढे अ सोडून दुसरा कोणताही स्वर आला, की गळून पडतो आणि पुन्हा संधी होत नाही. म्हणून ततः आणि एव मिळून ‘तत एव’. तर्काला धरून आणखी एक शक्यता उरते. तते अशा सप्तमीतूनही ‘तत एव’ होऊ शकेल. पण मग ‘पसरलेल्यात’ म्हणजे कोणत्या पसरलेल्यात, याला जोड द्यायला श्लोकात दुसरे सप्तम्यन्त नामच नाही. ती शक्यता तिथेच संपते.

हा शब्द निरनिराळी रूपे घेतो हे डोक्यात ठेवले की वाचन सोपे होते. पहिल्या अध्यायात ‘ततः शङ्खाश्च भेर्यश्च’ मध्ये तो पूर्ण दिसतो. ‘ततो याति’ मध्ये ततो होतो, ‘ततस्ततः’ मध्ये ततस्, च पुढे आला तर ततश्च, आणि इथे नुसता तत.

आता अर्थ. पदच्छेदात ततः मिळाले की मराठी वाचकाच्या मनात पहिला शब्द येतो तो ‘मग’ किंवा ‘त्यानंतर’. पंचमीचा अर्थ जागेवरून काळावर सरकतो हे खरेच आहे. ‘ततः शङ्खाश्च भेर्यश्च’ म्हणजे त्यानंतर शंख, भेरी वाजू लागल्या. तिथे ‘त्यापासून शंख’ असे कोणी म्हणणार नाही. आपल्या श्लोकात तर समोर ‘यदा’ आहे. जेव्हा अमुक पाहतो, मग लगेच विस्तार आणि तेव्हा ब्रह्म, असा अर्थ ओठांवर येऊन बसतो.

तो टिकत नाही, आणि का टिकत नाही हे पाहण्यासारखे आहे. यद् पासून झालेले अव्यय आपल्या जोडीला तद् पासूनचे अव्यय मागते : यदा ला तदा, यत्र ला तत्र, यतः ला ततः. या श्लोकात यदा ची जोडी अगदी शेवटी आहे, ‘ब्रह्म सम्पद्यते तदा’. मधे अख्खा चरण गेला तरी जोडी तीच. अनुष्टुभात आठ अक्षरांचा चरण असतो. ‘ब्रह्म सम्पद्यते तदा’ हा बरोबर आठाचा चरण आहे, आणि पाचवे लघु, सहावे गुरू, सातवे लघु ही सम चरणाची चालही तदा शेवटी ठेवून नेमकी जमते : द्य, ते, त. यदा आणि तदा मिळून काळाचे सगळे काम संपवतात. मग ततः कडे काळ सांगण्याचे काम उरतच नाही. तो आपल्या मूळ पंचमीच्या कामाला मोकळा आहे : कशापासून तरी.

कशापासून? तस्मात्, तस्याः, तेभ्यः यांपैकी एक निवडायचे आहे. मागे पुल्लिंगी नामे आहेत : भूतपृथग्भाव हे एक. ‘भूतांच्या वेगळेपणापासून विस्तार’ हे व्याकरणाला चालेल, अर्थाला नाही. वेगळेपणा हाच तर विस्तार आहे, तो स्वतःपासून कसा निघेल? दुसरा उमेदवार समासाच्या आत दडलेला आहे : एकस्थम् मधला एक. एकस्मिन् स्थितम्, एकस्थम्. भूतांचे वेगवेगळे असणे एका ठिकाणी टेकलेले, आणि ‘त्याच’पासून, म्हणजे त्या एकापासूनच, त्यांचा विस्तार. सर्वनामाने समासाच्या पोटात हात घालून तिथला एक शब्द उचलला. कडक व्याकरणाला हे थोडे खटकते, पण संस्कृत काव्यात आणि शास्त्रात ते सर्रास घडते. वाचणाऱ्याने तयारी ठेवलेली बरी. ‘एव’ ची जागा पाहा. ततः ला चिकटून एव आहे, म्हणजे ‘त्यापासूनच, दुसऱ्या कशापासून नाही’. ततः चा अर्थ ‘मग’ घेतला तर हा एव वाऱ्यावर राहतो.

आदि शंकराचार्यांच्या भाष्यात या तीन शब्दांचे पर्याय नेमके असेच आहेत. यदा समोर ‘यस्मिन् काले’. एकस्थम् समोर ‘एकस्मिन् आत्मनि स्थितम्’. इथे एक कोण ते त्यांनी आत्मा असे नाव घेऊन सांगितले. तत एव समोर ‘तस्मादेव’. तदा समोर ‘तस्मिन् काले’. एकेका अव्ययासमोर विभक्ती उलगडून ठेवलेले रूप, एवढेच. पण पुल्लिंगी एकवचनी तस्मात् लिहिल्याबरोबर तो आत्मन् कडे बोट दाखवतो आणि ‘मग’ हा अर्थ बाद होतो.

भाष्यकार तिथेच थांबत नाहीत. ‘तस्मादेव विस्तारम्’ म्हणजे काय याला ते छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायातले वचन देतात : आत्मतः प्राण आत्मत आशा आत्मतः स्मर आत्मत आकाश… आत्म्यापासून प्राण, आत्म्यापासून आशा, आत्म्यापासून स्मृती, आत्म्यापासून आकाश, अशी ती लांब मालिका आहे. प्रत्येक पायरीवर तोच तस् प्रत्यय वाजत राहतो. गीतेतल्या एका ततः मध्ये आटवलेली गोष्ट उपनिषदात पुन्हा पुन्हा उच्चारलेली आहे. संधीही पाहा : पुढे प्राण असेल तर आत्मतः, पुढे आशा किंवा आकाश असेल तर आत्मत. आपल्या ‘तत एव’ मध्ये विसर्ग गळला त्याच नियमाने. आत्मन् हे सर्वनाम नव्हे, म्हणून इथला तस् हा मत्तः मधल्यासारखा तसि, आणि आत्मन् चा न् त्यात गळतो. अर्थाने मात्र पंचमीच : आत्मतः म्हणजे आत्मनः सकाशात्, आत्म्यापासून.

आता अन्वय लिहायला हरकत नाही. यदा (सः) भूतपृथग्भावम् एकस्थम् अनुपश्यति, ततः एव च विस्तारम् (अनुपश्यति), तदा ब्रह्म सम्पद्यते. मधला ‘च’ दोन गोष्टी जोडतो : वेगळेपण एकात टेकलेले पाहणे आणि विस्तार त्या एकातूनच निघालेला पाहणे. दोन्हींचे क्रियापद एकच, अनुपश्यति; म्हणून दुसरीकडे ते कंसात घ्यावे लागते. मराठीत : जेव्हा तो भूतांचे वेगवेगळेपण एकात स्थिर असलेले पाहतो, आणि त्या एकापासूनच त्यांचा विस्तार झालेला पाहतो, तेव्हा तो ब्रह्मच होतो. ‘त्या एकापासूनच’ हे मराठीत ‘त्यातूनच’ असे लिहिले तरी चालेल, आपल्या भाषेला ते जास्त सरावाचे आहे. पण अन्वयार्थात, शब्दासमोर शब्द लिहिताना, आधी तस्मात् एव आणि मग मराठी, हा क्रम सोडू नये. थेट मराठीवर उडी घेतली की विभक्ती कोणती घेतली हे झाकले जाते आणि चूक झाली तरी दिसत नाही.

याच अध्यायात दोन श्लोक मागे गेलो तर तेच ततः वेगळ्या कामावर दिसते.

समं पश्यन्हि सर्वत्र समवस्थितमीश्वरम् ।
न हिनस्त्यात्मनात्मानं ततो याति परां गतिम् ॥

इथे ततः कशापासून? जागेपासून नाही, आत्म्यापासूनही नाही. आत्म्यापासून परम गतीला जातो असे म्हणणे अर्थाला धरून होत नाही. मागे नाम नाही, वाक्य आहे : ‘न हिनस्ति’, तो स्वतःचा स्वतःच घात करत नाही. ततः त्या संपूर्ण वाक्याला पकडते. भाष्यात पर्याय आहे ‘तदहिंसनात्’, तसा घात न केल्यामुळे. पंचमी आहे, पण कारणाची. मराठीत ‘म्हणून’ किंवा ‘त्यामुळे’. म्हणजे तीनच श्लोकांच्या टप्प्यात एक ततः ‘त्यामुळे’ आणि दुसरा ‘त्यापासून’. कोष्टकातल्या ‘तिथून’ चा दोन्हीकडे उपयोग नाही.

मराठी बोलणाऱ्याला हे सरकणे परके वाटू नये. ‘तेव्हा’ हा आपला काळ सांगणारा शब्द, पण ‘उशीर झालाय, तेव्हा आता निघू या’ यात तो कारण सांगतो. संस्कृतात काळावरून कारणावर, जागेवरून काळावर असेच येणे-जाणे आहे. पंचमीच्या पोटात तर आणखी एक अर्थ आहे, तुलनेचा. दुसऱ्या अध्यायात ‘ततो दुःखतरं नु किम्’ (२.३६) येते : त्याहून अधिक दुःखाचे ते काय? दुःखतरम् मधला ‘तर’ दिसला की ततः समोर ‘त्याहून’ लिहायचे. शेजारचा शब्द अर्थ ठरवून देतो.

सर्वत्र कडेही पाहायला हवे. मराठीत सर्वत्र म्हणजे सगळीकडे, जागेचा शब्द. ‘सर्वत्र समवस्थितम् ईश्वरम्’ याचे ‘सगळीकडे असलेला ईश्वर’ असे भाषांतर सहज होते, आणि ते चूकही म्हणता येणार नाही. पण भाष्यातला पर्याय ‘सर्वभूतेषु’ आहे, सर्व भूतांत. त्र ने पोटात घातलेले बहुवचन बाहेर काढले आणि नामही जोडले. ते नाम आदल्या श्लोकातून आले : ‘समं सर्वेषु भूतेषु तिष्ठन्तं परमेश्वरम्’. सर्वेषु भूतेषु हेच शब्द एका श्लोकात पूर्ण आहेत आणि पुढच्या श्लोकात ‘सर्वत्र’ मध्ये आटले आहेत. त्र चा उलगडा करताना आधीच्या एकदोन श्लोकांत सप्तमीचे पूर्ण रूप सापडते का ते पाहावे. पुष्कळदा सापडते.

तस् मात्र प्रत्येक वेळी पंचमीच असतो असे नाही, हे इथेच सांगून टाकतो. याच अध्यायात ‘सर्वतः पाणिपादं तत्’ आहे : ज्याचे हातपाय सर्व बाजूंना आहेत असे ते. तिथे ‘सगळीकडून हातपाय’ म्हटले तर काहीच होत नाही. अर्थ सप्तमीचा आहे. ‘नमः पुरस्तादथ पृष्ठतस्ते’ (११.४०) मधला पृष्ठतः म्हणजे पाठीमागून, मागच्या बाजूला. व्याकरणकारांनीही आदितः, मध्यतः, पार्श्वतः अशा शब्दांसाठी निराळी तरतूद केली आहे, तिथे तस् कोणत्याही विभक्तीच्या अर्थाने चालतो. आपल्या मराठीत आलेले मुख्यतः, अंशतः, स्वतः हे शब्द त्याच सैल वापराचे. तेव्हा तस् पाहिला की आधी पंचमी लावून पाहावी. अर्थ अडला तरच सप्तमीकडे वळावे. उलट क्रमाने गेलो तर ‘तत एव’ सारख्या ठिकाणी खरी पंचमी हातची जाते.

मराठीत रूढ झालेले रूप फसवते त्याचे सर्वांत मोठे उदाहरण दा चे आहे. ‘न जायते म्रियते वा कदाचित्’ (२.२०) यातला कदाचित् मराठी ‘कदाचित’ नव्हे. आपल्याकडे तो शंकेचा शब्द झाला, बहुधा, असेलही. संस्कृतात कदा म्हणजे कस्मिन् काले, त्याला चित् लागून ‘कोणत्या तरी काळी’, आणि मागे न आला की ‘कधीही नाही’. ‘तो कदाचित जन्मत नाही’ असे कोणी लिहिले तर श्लोकाचा कणाच मोडला.

शेवटी ज्या श्लोकावर हे सगळे तपासून पाहता येईल असा एक घेऊ. सहाव्या अध्यायातला सव्विसावा.

यतो यतो निश्चरति मनश्चञ्चलमस्थिरम् ।
ततस्ततो नियम्यैतदात्मन्येव वशं नयेत् ॥

मराठीत सांगताना आपण पटकन म्हणतो, ‘मन जिकडे जिकडे धावते, तिकडून तिकडून त्याला आवरावे’. पहिल्या अर्ध्यात दिशा, दुसऱ्यात मागे ओढणे. ऐकायला नैसर्गिक आहे, आणि तशा अर्थानेही हा श्लोक समजावला गेला आहे. पण यतः मध्ये पंचमी आहे, ‘जिकडे’ मध्ये नाही. शब्दाला धरून चाललो तर यतो यतः म्हणजे यस्मात् यस्मात्, ज्याच्या ज्याच्यापासून. दोनदा आले आहे ते ‘प्रत्येक’ सांगण्यासाठी, म्हणून पर्यायही दोनदाच लिहायचा. मग नाम शोधायचे. मन कशापासून बाहेर पडते? शंकराचार्य लिहितात ‘यस्माद्यस्मान्निमित्तात् शब्दादेः’, शब्द वगैरे ज्या ज्या निमित्तामुळे. आणि ततस्ततः समोर ‘तस्मात्तस्मात् शब्दादेर्निमित्तात्’, त्या त्या निमित्तापासून. पहिल्या अर्ध्यात कारणाची पंचमी, दुसऱ्यात आवरून बाजूला काढण्याची. नाम मात्र दोन्हीकडे एकच, निमित्त.

यामुळे श्लोकात सांगितलेले कामही बदलते. ‘जिकडे धावते तिकडून ओढून आणा’ म्हटले तर लक्ष मन कुठे पोचले यावर जाते. ‘ज्या निमित्ताने बाहेर पडते त्या निमित्तापासून आवरा’ म्हटले तर ते कशाने बाहेर पडले, कोणता आवाज, कोणता स्पर्श, कोणती आठवण, इकडे लक्ष जाते; आणि भाष्यात पुढे तेच येते, त्या त्या निमित्ताचे खरे स्वरूप तपासून ते नुसता आभास आहे हे पाहायचे. ओळीच्या शेवटी आत्मनि ही उघडी सप्तमी आहे, आत्म्यात. तस् ने सांगितलेले ‘-पासून’ आणि विभक्तीने सांगितलेले ‘-त’ असे दोन टोक एका ओळीत समोरासमोर आहेत : निमित्तापासून काढायचे आणि आत्म्यात आणून वश करायचे.